गोव्याहून मोंबासाला निरोप: ढग कुठून येतो आणि वारा कुठे जातो

प्रश्न: सर, माझे यजमान मालवाहू जहाजावर आहेत आणि सध्या त्यांच्या खेपा मोंबासाकडे असतात. आषाढातल्या ढगाबरोबर त्यांना निरोप पाठवणाऱ्या चोवीस ओव्या मी फोंड्यात बसून लिहिल्या. सोबत जोडल्या आहेत. आमच्या वाचनकट्ट्यावर एकजण म्हणाले की पावसाळी ढग गोव्याहून आफ्रिकेकडे जातच नाहीत, आणि ढगाने निरोप नेणे ही कल्पनाच खुळी आहे. कवितेत असा हिशेब करायचा असतो का? आणि खरे सांगायचे तर माझ्या ओव्या मलाही फिक्या का वाटतात?

उत्तर: तुमच्या ओव्या मी दोनदा वाचल्या. वाचनकट्ट्यावरच्या गृहस्थांचे दोन आक्षेप आहेत आणि ते वेगवेगळ्या जातीचे आहेत. ढगाने निरोप नेणे खुळेपणाचे आहे, हा आक्षेप तेराशे वर्षांहून जुना आहे आणि त्याचे उत्तरही तितकेच जुने आहे. ढग त्या दिशेला जात नाही, हा दुसरा आक्षेप मात्र मला रास्त वाटतो. तुमच्या ओव्यांचा फिकेपणाही बराचसा तिथूनच आलेला आहे.

पहिला आक्षेप आधी घेतो. सातव्या शतकाच्या सुमारास होऊन गेलेल्या भामह या काव्यशास्त्रकाराने ‘काव्यालंकारा’त अयुक्तिमत्, म्हणजे युक्तीला न पटणारे, असा एक काव्यदोष सांगितला आहे आणि त्याचे उदाहरण म्हणून नेमके हेच दूत दिले आहेत: मेघ, वारा, चंद्र, भुंगा, हारीत पक्षी, चक्रवाक, पोपट. ‘अवाचोऽव्यक्तवाचश्च’ असे तो त्यांच्याविषयी म्हणतो. काहींना वाचाच नाही आणि काहींची वाचा अस्फुट आहे, मग त्यांनी दूतपण कसे करावे? एवढे बजावून झाल्यावर तो स्वतःच एक वाट मोकळी ठेवतो, की उत्कंठेने वेडावलेला माणूस असे बोलत असेल तर बोलू द्यावे, कारण चांगले बुद्धिमान कवीही हे पुष्कळ वेळा करताना दिसतात. कालिदासाने हा आक्षेप मेघदूताच्या पाचव्याच श्लोकात आपणहून मांडला आहे. धूर, तेज, पाणी आणि वारा यांचा गोळा असलेला मेघ कुठे, आणि धडधाकट इंद्रियांच्या प्राण्यांनीच पोचवावेत असे निरोप कुठे? तरी कुबेराच्या शापाने अलका नगरीतल्या बायकोपासून दुरावलेला यक्ष त्याला विनवतो, कारण ‘कामार्ता हि प्रकृतिकृपणाश्चेतनाचेतनेषु’. कामाने पीडलेल्यांना चेतन काय आणि अचेतन काय, हे कळेनासे होते.

हा श्लोक माफीनामा म्हणून वाचला जातो, पण संपूर्ण काव्याची रचना त्यावर उभी आहे. ज्याला ऐकू येत नाही त्याला यक्ष निरोप सांगतो आहे, आणि म्हणूनच तो इतक्या बारकाईने सांगतो. चालता-बोलता दूत असता तर ‘अलकेला जा, अमक्याचे घर विचार’ एवढ्यावर भागले असते. इथे वाट, विसाव्याच्या जागा, घराची खूण, दारात उभे राहण्याची रीत, पहिला शब्द कोणता उच्चारायचा, हे सगळे त्यालाच सांगावे लागते. तो जितके अचूक सांगत जातो तितकी त्याची वेडी अवस्था वाचकाच्या लक्षात येते. वेड्याचे बोलणे आणि वाटाड्याचे ज्ञान एकाच तोंडून येते, यात या काव्यप्रकाराचे सगळे कसब आहे.

यावरून दिशेच्या आक्षेपाकडे येऊ. दूताने ऐकावे आणि बोलावे ही एक अशक्य गोष्ट वाचक मान्य करतो, पण तेवढीच. तिच्या बदल्यात बाकीचे सगळे खरे असावे, अशी त्याची अपेक्षा असते. जुन्या संदेशकवींनी हा व्यवहार कटाक्षाने पाळलेला दिसतो. कालिदासाचा मेघ आषाढात निघतो आणि उत्तरेला जातो. बंगालच्या लक्ष्मणसेनाच्या दरबारातला धोयी बाराव्या शतकात ‘पवनदूत’ लिहितो, तेव्हा त्याची गंधर्वकन्या कुवलयवती मलय पर्वतावरून गौडदेशाकडे जो वारा पाठवते तो वसंतातला दक्षिणेचा वारा असतो, आणि तो उत्तरेकडेच वाहतो. वेदान्तदेशिकांच्या ‘हंससंदेशा’त रामाला लंकेकडे, म्हणजे दक्षिणेला, निरोप पाठवायचा आहे. तिथे मेघ कामाचा नाही, म्हणून ऋतू शरदाचा निवडला आहे आणि दूत हंस. पाऊस सरला की हंस उत्तरेकडून खाली उतरतात ही जुन्या काव्यातली सर्वमान्य समजूत आहे. एकूण काय, ऋतू, दूत आणि दिशा ही तिन्ही एकमेकांत अडकलेली असतात. त्यांतले एक बदलले की उरलेली दोन बदलावी लागतात.

आता गोव्याचे पाहू. जून ते सप्टेंबर आपल्याकडे वारा नैऋत्येकडून येतो. हा प्रवाह विषुववृत्त ओलांडून केनिया आणि सोमालियाच्या किनाऱ्याजवळ वळतो आणि अरबी समुद्रावरून थेट आपल्या पश्चिम किनाऱ्यावर येऊन सह्याद्रीला धडकतो. मोंबासा गोव्याच्या नैऋत्येलाच आहे. म्हणजे ज्या ढगाला तुम्ही आषाढात ‘माझ्या सख्याकडे जा’ म्हणता आहात, तो तुमच्या यजमानांच्याच बाजूने आलेला आहे आणि चोर्ला घाट चढून बेळगावच्या अंगाला चालला आहे. तुमच्या तिसऱ्या ओवीत तो दूधसागरावरून वळून पश्चिमेला जातो. दूधसागरापाशी पोचलेला पावसाळी ढग परत समुद्राकडे वळत नाही, हे आपल्याकडचे शाळकरी पोरही सांगेल. तिथे वाचक थबकतो, आणि एकदा थबकला की ढगाला ऐकू येते ही पहिली सवलतही तो मागे घेतो.

यातून बाहेर पडण्याच्या दोन वाटा मला दिसतात. पहिली अशी की ढग तसाच ठेवावा आणि निरोपाची दिशा उलटवावी. तुम्ही पाठवत नाही, विचारता. त्या बाजूने आलेल्या ढगाला अंगणात उभे राहून विचारता की, तो दिसला का, काही म्हणाला का? मराठीला ही रीत परकी नाही, उलट संस्कृतातल्या पाठवणीपेक्षा ती आपल्या अधिक जवळची आहे. ज्ञानदेवांच्या विरहिणीत ‘पैल तो गे काऊ कोकताहे’ म्हणणारी कावळ्याला कुठे पाठवत नाही. तो ओरडतो आहे, म्हणजे कुणीतरी येणार, हा शकुन ती वाचते आणि पंढरीराऊ घरी कधी येतील ते त्यालाच विचारते. त्याचे पाय सोन्याने मढवायचे कबूल करते, दहीभाताची उंडी देऊ करते. संस्कृत यक्षाचा दूत इथून निघतो, आपल्या विरहिणीचा दूत दारात येऊन बसतो. तुमची विसावी ओवी, ‘कौलांवर वाजता, तुझेच बोलणे वाटे’, ही नकळत त्याच जातीची झाली आहे आणि चोवीसांत तीच मला सर्वांत चांगली वाटली. सगळ्या ओव्या त्या अंगाने पुन्हा लिहिल्यात तर आषाढ राहील आणि आक्षेपही उरणार नाही.

पण तुम्हाला पाठवायचेच असेल, आणि तुमच्या पत्रावरून तसे वाटते, तर ऋतू बदला. पावसाळा संपला की हेच वारे उलटतात. नोव्हेंबरपासून फेब्रुवारीपर्यंत अरबी समुद्रावर वारा ईशान्येकडून नैऋत्येला वाहतो, म्हणजे गोव्याकडून मोंबासाच्या दिशेने. शिडाची जहाजे कित्येक शतके याच हिशेबाने चालत होती. या वाऱ्यावर आपल्या किनाऱ्याहून आफ्रिकेकडे जायचे आणि पुढच्या नैऋत्य वाऱ्यावर परतायचे. मोसमी हा शब्दही अरबीतल्या ‘मौसिम’ म्हणजे ठरलेला हंगाम, यावरून आला. तुमचा दूत, तेव्हा, कार्तिकातला वारा.

इथे एक योग असा जुळतो की मला तो वाया जाऊ द्यावासा वाटत नाही. यक्षाचा शाप संपतो तो ‘भुजगशयनादुत्थिते शार्ङ्गपाणौ’, विष्णू शेषशय्येवरून उठतात तेव्हा, म्हणजे कार्तिकातल्या प्रबोधिनी एकादशीला. तोपर्यंतचे चार महिने डोळे मिटून काढ, असे तो बायकोला सांगतो. आपल्याकडे तिच्या दुसऱ्या दिवशी तुळशीचे लग्न लागते, अंगणातल्या वृंदावनात ऊस आणि आवळ्याची डहाळी उभी राहते, आणि वारा साधारण याच सुमारास फिरलेला असतो. यक्षाचा विरह ज्या दिवशी संपतो त्याच्या दुसऱ्याच दिवशी तुमचा निरोप निघू शकतो. हे ओवीत सांगून टाकू नका. तुळशीच्या लग्नाच्या रात्री वाऱ्याला हाक मारा, एवढे पुरे आहे. मेघदूत वाचलेल्याला ते कळेल आणि न वाचलेल्याचे काही अडणार नाही.

एक अडचण आधीच सांगून ठेवतो. हिवाळ्यातही गोव्याच्या किनाऱ्यावर दुपारी समुद्राकडून खारा वारा येतो, त्यामुळे दिवसा तुमचा दूत समोरच्या वाऱ्याला अडेल. रात्री जमीन निवते आणि जमिनीवरून समुद्राकडे मतलई वारा सुटतो, त्याचे बळ पहाटेपर्यंत टिकते. मतलई स्वतः किनाऱ्यापासून फार दूर जात नाही, पण तुमच्या दूताला उंबरठा ओलांडून द्यायला पुरेसा आहे. म्हणून निघण्याची वेळ उत्तररात्रीची ठेवा. ‘उजाडण्याआधी नीघ, ऊन चढले की तुला खारा वारा अडवील’ ही एक ओळ तुमच्या नायिकेच्या तोंडी फार शोभेल. आपल्या माणसाला पहाटेच्या गाडीला घालवताना आपण असेच बोलतो.

आता वाटेविषयी. ‘मार्गं तावच्छृणु’ असे म्हणून यक्ष आधी वाट सांगतो आणि मग निरोप. वाटेलाच निम्म्याच्या आसपास काव्य खर्ची पडते. तुमच्या ओव्यांत वाट तीन ओळींत उरकली आहे: ‘डोंगर ओलांड, नद्या ओलांड, सागर ओलांड.’ हे कुठलेही डोंगर आणि कुठल्याही नद्या आहेत. कालिदास वाट सांगताना दोन गोष्टी सतत सांभाळतो. एक, दूताची शारीरिक सोय: थकलास की शिखरांवर टेक, क्षीण झालास की ओढ्यांचे हलके पाणी पी. दुसरी, वाटेत दूताने करायचे एखादे काम. उज्जयिनीत महाकालापाशी दुसऱ्या वेळी पोचलास तरी सूर्य मावळेपर्यंत थांब आणि सायंपूजेला गडगडाट करून नगाऱ्याची सेवा रुजू कर, असे तो सांगतो. दूत निर्जीव असला तरी तो वाटेवर पाहुणा आहे, आणि पाहुण्याने कुठे काय करावे याची एक रीत असते.

तुमच्याच वाटेवर हे करून पाहू. फोंड्याहून सरळ नैऋत्येला निघालेला वारा झुआरी ओलांडून मुरगावच्या अंगाने समुद्रात उतरेल. ती वाट जवळची आहे. मला मात्र वाटते की त्याला आधी वायव्येला, म्हार्दोळ आणि मंगेशीवरून मांडवीच्या मुखाशी आग्वादला न्यावे. हा वळसा आहे आणि तो कालिदासाने मान्य केलेला आहे. उज्जयिनीसाठी तो मेघाला म्हणतो, ‘वक्रः पन्था यदपि भवतः’, वाट वाकडी होते खरी, तरी जा. पण वळसा घ्यायला लावलात की कारण द्यावे लागते. म्हार्दोळचे कारण सोपे आहे. महालसेच्या देवळापुढे पितळेची उंच दीपमाळ आहे. तिच्यावर दिवे लागलेले असतील तर वाऱ्याने तिथून जाताना वेग आवरावा. मेघाने मोठ्याने गर्जून सेवा केली, वाऱ्याची सेवा मंद होण्यात आहे. दूत बदलला की त्याचे शिष्टाचारही असे बदलतात.

आग्वादचे कारण अधिक खोल आहे. मांडवीच्या मुखावरचा हा किल्ला पोर्तुगीजांनी १६१२ साली पुरा केला आणि त्याला आग्वाद हे नाव पाण्यावरून पडले, कारण दूरच्या सफरीवर निघणारी जहाजे तिथे गोडे पाणी भरून घेत. कालिदासाचे राजहंस चोचीत कमळाच्या देठांचे कोवळे तुकडे शिदोरी म्हणून घेऊन निघतात. तुमच्या वाऱ्याची शिदोरी आग्वादचे पाणी. नमुन्यादाखल एक ओवी करून पाहिली आहे. ती वापराच असे नाही, पण मी काय म्हणतो ते तिच्यावरून कळेल:

आग्वादीच्या तळाशी आहे
गोडे पाणी, थांबोनि पाहें,
पुढे खाऱ्याची वाट राहे,
पिऊन जा.

इथून पुढे खरी अडचण सुरू होते. गोव्याहून मोंबासा चार हजार किलोमीटरांहून अधिक दूर आहे आणि मध्ये नुसता समुद्र आहे. यक्षाला रेवा, विदिशा, शिप्रा, दशपूर, कुरुक्षेत्र, कनखल अशी नावे मिळाली. तुम्हाला नाव घ्यायला बेटसुद्धा नाही, कारण लक्षद्वीप या वाटेच्या बरेच दक्षिणेला राहते. समुद्रावर नऊदहा ओव्या लिहायचा मोह होईल. तो टाळा, कारण नावाविना वर्णन पसरट होते आणि तुमच्या सध्याच्या ओव्यांत ते झालेच आहे. समुद्राला दोनतीनच ओव्या द्या, आणि त्यांत नाव नसणे हाच विषय करा. ‘इथून पुढे तुला सांगायला माझ्याकडे एकही गाव नाही’ हे नायिकेने कबूल करणे फार बोलके होईल, कारण आतापर्यंत तिने देऊळन् देऊळ सांगितलेले असेल. तिचे माहीत असलेले जग जिथे संपते तिथून तिच्या माणसाचे जग सुरू होते, ही गोष्ट वेगळी सांगावी लागणार नाही.

पलीकडच्या किनाऱ्यावर मात्र तिला एक खूण पक्की देता येईल, आणि आग्वादचा वळसा तिथे फळाला येतो. मोंबासाच्या बंदराच्या तोंडावर फोर्ट जीझस नावाचा किल्ला आहे. पोर्तुगीजांनी तो १५९३ साली बांधायला घेतला, आणि त्या काळात मोंबासाचा कारभार गोव्याच्या व्हाइसरॉयच्या हाताखाली चालत असे. आग्वाद जांभ्या दगडाचा आहे, फोर्ट जीझस पोवळ्याच्या दगडाचा. म्हणून वाऱ्याला सांगता येईल की, निघताना पाहिलास तसाच एक किल्ला पाण्याच्या तोंडाशी दिसेल, फक्त दगडाचा रंग निराळा असेल. तो दिसला की पोचलास. ओमानी अरबांनी १६९६ ते १६९८ अशी जवळपास तीन वर्षे या किल्ल्याला वेढा घातला होता. तेव्हा आतले लोक गोव्याहून येणाऱ्या शिडांची वाट पाहत होते, आणि गोव्याची शेवटची कुमक पोचली तेव्हा किल्ला पडून गेलेला होता. गोव्याची वाट पाहणे काय असते हे ज्या भिंतींना माहीत आहे त्यांच्याखाली तुमच्या यजमानांचे जहाज लागते. हे मी तुमच्या माहितीसाठी सांगितले. ओवीत घालायचे तर अर्ध्या ओळीत घाला, इतिहासाची वही उघडू नका.

किल्ल्यानंतर माणूस शोधायचा. यक्षाला हे सोपे होते, कारण अलकेतले घर त्याचे स्वतःचे होते. कुबेराच्या वाड्याच्या उत्तरेला, इंद्रधनुष्यासारख्या कमानीचे, दाराशी शंख आणि पद्म रेखाटलेले, जवळ बायकोने लेकरासारखा वाढवलेला मंदाराचा रोप, अशा खुणा तो एकामागून एक देतो. तुम्ही ते जहाज पाहिलेले नाही. तुमच्या पंधराव्या ओवीत ‘उंच डोलकाठी, पांढरे शीड’ आले आहे. आजच्या मालवाहू जहाजाला शीड नसते हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगले ठाऊक आहे. ती प्रतिमा जुन्या चित्रांतून आली आणि तुम्ही तिला अडवले नाही. जहाज न पाहिल्याची लाज वाटून घेण्याचे कारण नाही. यक्षालासुद्धा बायको आत्ता काय करत असेल ते ठाऊक नाही, आणि तो ते लपवत नाही. ती देवपूजेत गुंतलेली असेल, ‘वा’ माझे चित्र काढत असेल, ‘वा’ पिंजऱ्यातल्या सारिकेला विचारत असेल की तुला धनी आठवतो का. ते ‘वा’, ‘किंवा’, मेघदूतातले सर्वांत हळवे शब्द आहेत असे मला वाटते, कारण दूर असलेल्या माणसाविषयी आपल्याला नेहमी तीनचार शक्यताच ठाऊक असतात. तुम्हीही तसेच करा. जहाजाचे वर्णन सोडा, त्यांच्या सवयींचे करा. पहारा संपवून झोपले असतील, किंवा चहा निवेपर्यंत तसाच हातात धरून बसले असतील. सवयी तुम्हाला माहीत आहेत, आणि वाऱ्याला माणसांनी गजबजलेल्या बंदरात नेमका माणूस त्यांवरूनच ओळखता येईल.

आता निरोप. तुमचा निरोप ‘मी वाट पाहते, डोळे पाण्याने भरतात, लवकर या’ असा आहे. यात खोटे काही नाही, पण हा निरोप फोंड्यातली कोणतीही बाई कोणत्याही नवऱ्याला पाठवू शकते. आणि इथे निरोप पोचवणारा अनोळखी आहे, हे विसरू नका. ऐकणाऱ्याला पहिली शंका येणार ती ही, की हा खरेच तिच्याकडून आला आहे कशावरून? तिचे उत्तर म्हणजे अभिज्ञान, ओळखीची खूण. टीकाकार मल्लिनाथ म्हणतो की रामाने हनुमंताबरोबर सीतेला पाठवलेला निरोप मनात ठेवून कालिदासाने मेघसंदेश रचला, असे सांगतात. त्या प्रसंगात सीतेला आधी हनुमंताचाच संशय येतो, हा रावण तर रूप बदलून आला नसेल? हनुमंताजवळ अंगठी असते. उलट निरोप देताना सीता चूडामणी तर देतेच, शिवाय चित्रकूटावरच्या कावळ्याची हकिकत सांगते, जी तिला आणि रामालाच ठाऊक आहे. कालिदासाची अडचण अशी की मेघाला हात नाहीत. अंगठी देता येत नाही, म्हणून खूण शब्दांतलीच हवी. यक्ष जी खूण देतो ती पाहा: एकदा तू माझ्या गळ्याला मिठी मारून झोपली होतीस आणि मोठ्याने रडत जागी झालीस. काय झाले म्हणून मी पुन्हा पुन्हा विचारले तेव्हा मनातल्या मनात हसत म्हणालीस, लबाडा, स्वप्नात तुला दुसऱ्याच कुणाशी रमताना पाहिले. विरहाच्या एवढ्या शोकात ही खूण थट्टेची आहे, थोडी खोडकर, थोडी खासगी, आणि म्हणूनच ती खोटी वाटत नाही.

तुमची खूण काय असावी हे मी सांगू शकत नाही, ते तुम्हालाच ठाऊक. निवडताना एवढे पाहा की ती शोभिवंत नसावी. पहिल्या भेटीचे चांदणे वगैरे नको, ते सगळ्यांकडे असते. एखादे भांडण, एखादी फजिती, दोघांत रूढ झालेला एखादा चुकीचा शब्द, असे काहीतरी हवे. लिहून झाल्यावर ती ओवी तिसऱ्या माणसाला वाचून दाखवा. त्याला ती किंचित विचित्र वाटली तर खूण बरोबर साधली आहे.

निरोपाचा पहिला शब्दही जपून ठेवा. यक्ष मेघाला शिकवतो की तोंड उघडलेस की आधी ‘अविधवे’ म्हण. अनोळखी दूत पाहिला की दूर असलेल्याच्या बायकोच्या मनात पहिली भीती कोणती येते हे त्याला ठाऊक आहे, म्हणून नमस्काराच्याही आधी तो ‘तुझा नवरा जिवंत आहे’ हे एका संबोधनात सांगून टाकतो. अवेळी आलेल्या निरोपाची धास्ती जहाजावरच्या माणसालाही असते. तुमच्या वाऱ्याने त्याच्यापाशी पोचल्यावर पहिल्यांदा ‘घरी सगळे बरे आहे’ हेच म्हणावे, बाकीचे त्यानंतर.

शेवटच्या दोन ओव्या काढून टाका. त्यांत ढग पोचतो, यजमानांचा फोन येतो आणि ते म्हणतात की निरोप मिळाला. हा मोह जुन्या लोकांनाही आवरलेला नाही. मेघदूताच्या काही प्रतींत शेवटी जास्तीचे श्लोक सापडतात, त्यांत मेघाने सांगितलेली वार्ता कुबेराच्या कानी जाते, त्याला दया येते आणि तो शाप संपवतो. ते श्लोक प्रक्षिप्त मानले जातात आणि वाचताच तसे कळतात, कारण मेघाने खरोखर बोलायला सुरुवात केली की भामहाचा आक्षेप पुन्हा उभा राहतो. कालिदासाचे काव्य मेघ जागचा हलण्याआधीच संपते. काम करशील ना, असे यक्ष विचारतो, मेघ काही बोलत नाही, आणि या गप्प राहण्याचा अर्थ नकार असा मी घेत नाही, असे यक्षच म्हणतो. मग तो दूताला आशीर्वाद देतो, की माझ्यासारखा तुझा तुझ्या विजेशी क्षणभरही वियोग न होवो.

तुमच्या वाऱ्याला वीज नाही, तेव्हा आशीर्वाद निराळा शोधावा लागेल. तोही मला त्याच्या चालीतच दिसतो. हा वारा फेब्रुवारीनंतर मंदावतो, उन्हाळ्यात दिशा बदलतो आणि ज्येष्ठाच्या सुमारास मोंबासाच्याच बाजूने पाणी घेऊन परत आपल्या दारात येतो. त्याला निरोप देताना नायिकेने एवढेच म्हणावे की परत येशील तेव्हा रिकामा येऊ नकोस. मग तुमच्या आषाढाच्या त्या जुन्या ओव्या, कौलांवर वाजणारी विसावी धरून, दुसरा भाग म्हणून याच्यापुढे ठेवता येतील. पुन्हा लिहून झाल्यावर पाठवा, आणि पाठवताना खुणेची ओवी मला दाखवायची नसेल तर तेवढी जागा कोरी सोडा.